दोन तक्रारी, एकच बकरी

दुधाचा त्रास तो दुधाचा त्रास, त्याची दोन नावे म्हणजे डॉक्टरांचे चोचले. गाईचे सोसत नसेल तर बकरीचे द्या, नाहीतर थोडे थोडे देऊन सवय लावा, असे एक सद्गृहस्थ छातीठोकपणे सांगत असतात. दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत शेळी सहज मिळते, त्यामुळे हा सल्ला स्वस्त आहे आणि पटकन अमलात येतो. घोर लागतो तो त्यामुळेच.

आधी बकरीचाच हिशेब करू. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. लहान आतड्यातले लॅक्टेज हे विकर ती फोडते. वयाबरोबर ते कमी झाले की साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि तिथले जिवाणू ती आंबवून वायू करतात. अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. गाईच्या 100 मिलिलिटर दुधात लॅक्टोज सुमारे पावणेपाच ग्रॅम, बकरीच्या दुधात जेमतेम थोडे कमी. म्हणजे इथे बकरीने काही साधत नाही. ॲलर्जीची गोष्ट निराळी. तिथे साखरेचा संबंध नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा केसीनसारख्या दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजते. काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, छातीत घरघर सुरू होते. बकरीची प्रथिने गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना बकरीचे दूधही बाधते. म्हणजे एकाला हा उपाय निरुपयोगी, दुसऱ्याच्या जिवावर बेतणारा. एवढ्या सरळ हिशेबात सद्गृहस्थांना सगळे ‘एकच’ दिसते, हे त्यांच्या नजरेचे कौतुक!

‘थोडे थोडे’ हे लॅक्टोजबाबत खरे आहे: असा त्रास असलेल्या अनेक प्रौढांना एका वेळी कपभर दूध चालते. पण ॲलर्जी असलेल्या बाळाला चमचाभरही पुरतो. तिथे सवय लावणे हे तज्ज्ञाच्या देखरेखीखालचे काम, स्वयंपाकघरातले नव्हे. ‘पूर्वी कुठे होते असले काही?’ हा तर जुनाच पाढा. पूर्वी निदान नव्हते, आजार होताच.

मग करायचे काय? प्रौढाचे पोट बिघडत असेल तर दही-ताक घेऊन पाहावे, कारण विरजणात काही लॅक्टोज आंबून कमी होते. तूप तर चालतेच. ॲलर्जी असेल तर दही, पनीर, खवा सगळे बंद. विरजणाने प्रथिने जात नाहीत. एक गुंता खरा आहे: काही तान्ह्या बाळांत ॲलर्जी गांधीऐवजी शौचातून रक्त पडण्याने दिसते, तेव्हा लक्षणांवरून घरी निवाडा करू नये. श्वास अडकला तर थेट रुग्णालय गाठावे. तिथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन लागते, बकरी नव्हे.