हात धुतले, पण पित्ताशयातील जंतूंचे काय?

पावसाळा सुरू झाला की पेपरातून आणि भिंतीवरून एकच उपदेश सुरू होतो. हात धुवा! खाणावळीच्या मोरीवर पाटी लागते, शाळेच्या स्वयंपाकघरात चित्र लागते, एखादा अधिकारी येऊन साबणाची वडी वाटून फोटो काढून जातो. साबणाशी आमचे भांडण नाही. हात धुतलेच पाहिजेत. आमचे म्हणणे एवढेच आहे की, टायफॉईड आणि कावीळ यांचा प्रश्न साबणाच्या वडीवर सोपवून ज्यांनी आपली जबाबदारी झटकली आहे, त्यांनी आचाऱ्याच्या पोटात काय दडलेले असू शकते, हे एकदा समजून घ्यावे. कारण साथ आली की बोट शेवटी त्या आचाऱ्याकडेच दाखवले जाते आणि रोजी त्याचीच जाते.

मेरी मॅलन या आयरिश स्वयंपाकिणीची हकिगत याबाबत बोलकी आहे. पोट भरण्यासाठी ती अमेरिकेत आली आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करू लागली. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे येथील एका घरातील अकरा माणसांपैकी सहा जणांना टायफॉईड झाला. पाणी तपासले, दूध तपासले, काही सापडेना. मग जॉर्ज सोपर नावाच्या तज्ज्ञाने त्या घरातल्या स्वयंपाकिणीचा माग काढला. ती जिथे जिथे नोकरीला होती, त्यातील बहुतेक घरांत टायफॉईड निघाला होता. ती स्वतः मात्र ठणठणीत होती. आपल्याला टायफॉईड कधी झालाच नाही, असे ती शेवटपर्यंत सांगत राहिली, आणि तिच्या दृष्टीने ते खरेच होते. तिच्या हातचे गरम जेवण खाऊन सहसा कोणी आजारी पडत नव्हते, कारण उकळीत जंतू मरतात. सोपरचा संशय होता तो तिच्या हातच्या आईस्क्रीमवर. त्यात ती कच्ची पीच फळे चिरून घालीत असे. शिजल्यानंतर किंवा न शिजवता ज्या पदार्थाला हात लागतो, तोच घात करतो. आपल्याकडची कोशिंबीर, ओली चटणी, ताक, कुल्फी, पाणीपुरीचे पाणी, चिरलेले कलिंगड ही सारी त्याच जातकुळीतली.

हे जंतू येतात कुठून? टायफॉईडचा ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, पण शंभरातील दोन ते पाच जणांच्या शरीरातून जंतू जात नाहीत. ते पित्ताशयात ठाण मांडून बसतात. तिथे पित्ताचे खडे असतील तर त्या खड्यांवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि औषध त्या थराच्या आत नीट पोहोचत नाही. म्हणून अशा वाहकांत बायकांचे आणि मध्यम वयाच्या माणसांचे प्रमाण जास्त आढळते. खडेही त्यांनाच जास्त होतात. पित्ताबरोबर जंतू आतड्यात उतरतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. वर्षभरानंतरही पडत राहिले तर त्या माणसाला कायमचा वाहक म्हणतात. त्याला ताप नसतो, पोट दुखत नसते, भूक चांगली लागते. त्याच्याकडे पाहून डॉक्टरलाही काही कळत नाही.

आता साबणाचा हिशेब करू. अशा वाहकाच्या एका ग्रॅम विष्ठेत दहा लाखांहून अधिक जंतू असू शकतात. समजा, बोटाला आणि नखात दहा लाख जंतू लागले आणि धुण्याने शंभरातील नव्याण्णव गेले. तरी दहा हजार उरले! ते दह्याच्या कोशिंबिरीत गेले आणि ती कोशिंबीर दुपारभर उकाड्यात उघडी राहिली, तर पुढचे काम जंतू स्वतःच करतात. आणि हे झाले नीट धुतल्यावर. जिथे शंभर माणसांची पंगत बसलेली आहे, संडासात नळ नाही, पिंपातले पाणी जपून वापरायचे आहे आणि मालक 'चल, चल' म्हणून ओरडतो आहे, तिथे नव्याण्णव टक्के कुठून येणार? धुतल्याने धोका कमी होतो. ज्याच्या शरीरातून रोज जंतू पडतात त्याच्याबाबतीत तो संपत नाही.

मग तपासणी करा, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण कोणती तपासणी? आपल्याकडे टायफॉईड म्हटले की रक्ताची विडाल चाचणी करण्याची सवय आहे. वाहक ओळखण्यासाठी ती कुचकामी आहे. खरी चाचणी म्हणजे विष्ठेचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे. त्यातही एक मेख आहे. मेरी मॅलनला १९०७ मध्ये पकडून बेटावरच्या रुग्णालयात कोंडले, तेव्हा तिचे एकूण १६३ नमुने तपासले गेले. त्यातील १२० मध्ये जंतू सापडले, ४३ मध्ये सापडले नाहीत. बाई तीच, पित्ताशय तेच, तरी चारातील एक नमुना 'निर्दोष' ठरत होता, कारण जंतू रोज सारखे पडत नाहीत. म्हणजे एकाच नमुन्यावर प्रमाणपत्र दिले तर अशा चार वाहकांतील एक जण सरळ सुटतो. ओळीने तीन नमुने निर्दोष येण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास उतरते; तीही जंतू न पडणारे दिवस सलग आले नाहीत तर. म्हणूनच टायफॉईडमधून उठलेल्या आचाऱ्याने आजार सुरू होऊन महिना उलटल्यावर, औषधे संपल्यावर, किमान चोवीस तासांच्या अंतराने तीन नमुने द्यावेत आणि तिन्ही निर्दोष आले तरच पातेल्याजवळ जावे, अशी शिस्त सांगितली जाते.

आपला कायदा काय सांगतो? अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, त्याखालची परवान्याची नियमावली २०११ ची. तिच्या चौथ्या परिशिष्टात अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी करावी आणि आतड्याच्या तापाविरुद्ध लस टोचावी, असे म्हटले आहे. तंदुरुस्तीच्या दाखल्याचा नमुनाही दिला आहे. त्यात शारीरिक तपासणी आहे, डोळे आहेत, त्वचा आहे, लसीची नोंद आहे. आणि पुढे, डॉक्टरला संशय आला तर योग्य ती चाचणी, असे आहे. संशय आला तर! ज्या माणसाला एकही लक्षण नाही त्याच्याबद्दल संशय येणार कसा? डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात, शिक्का मारतात, दाखला भिंतीवर लागतो. सही-शिक्क्याचा तो कागद पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होते, मालक निर्धास्त होतो आणि पित्ताशय आपले काम करीत राहते.

यावर 'सगळ्यांचे दरवर्षी कल्चर करा' अशी मागणी आम्ही करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीच १९८९ मध्ये सांगितले की, सरसकट ठरावीक मुदतीच्या तपासण्यांतून फारसे हाती लागत नाही. आज निर्दोष ठरलेला माणूस उद्या आजारी पडू शकतो. तपासणी नेमकी हवी. ज्याला टायफॉईड होऊन गेला आहे, ज्याच्या खाणावळीतून किंवा वसतिगृहाच्या भोजनगृहातून साथ निघाली आहे, ज्याला पित्ताचे खडे आहेत आणि पूर्वी लांबलेला ताप येऊन गेला आहे, त्याचे नमुने घ्या. डॉक्टरने छातीला नळी लावण्याआधी एवढे विचारले तरी शिक्क्याला काही अर्थ येईल.

काविळीचा मामला वेगळा आहे आणि इथे आमच्या माणसांवर दुहेरी अन्याय होतो. अन्नपाण्यातून पसरते ती हिपॅटायटीस ए आणि ई. यांचा टायफॉईडसारखा वर्षानुवर्षे हिंडणारा वाहक नसतो. 'ए' चा विषाणू डोळे पिवळे होण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे विष्ठेतून पडू लागतो. पिवळेपणा दिसतो तेव्हा सर्वांत धोक्याचे दिवस उलटून गेलेले असतात. लहान मुलांना तर अनेकदा काहीच दिसत नाही. घरातल्या तान्ह्याचे ढुंगण धुऊन कामावर आलेली बाई स्वतः आजारी पडायच्या आधीच विषाणू पसरवू शकते. वार्षिक दाखला इथे काय करणार? 'ए' वर लस आहे, ती कामाला लागतानाच द्यावी. 'ई' तर मुख्यतः गटार मिसळलेल्या पाण्यातून येते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. तिथे कोणत्या आचाऱ्याने हात धुतले नव्हते?

दुसरा अन्याय बी आणि सी चा. हे रोग रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला होतात. जेवणातून होत नाहीत. तरीही भरतीच्या वेळी ऑस्ट्रेलिया अँटिजेन तपासायचे आणि 'कावीळ निघाली' म्हणून स्वयंपाकघरातून हाकलायचे, हा प्रकार विज्ञानाच्या नावावरची निव्वळ अडाणी शिवाशिव आहे. अशा माणसाला उपचाराची गरज आहे. त्याच्या हातच्या भाकरीपासून कोणाला काही होत नाही.

शिवाशिव हा शब्द आम्ही उगाच वापरलेला नाही. या देशात अन्नपाण्याची शुद्धता आजवर जातीने मोजली गेली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही टाकून ते पाणी 'शुद्ध' केले. पिण्याच्या पाण्यात शेण! २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीच्या हातचे शाळेतले जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिलाच आधी कामावरून दूर केले गेले. जंतूला जात कळत नाही. तो पित्ताशय पाहतो. म्हणून नमुना घ्यायचा तर आजाराच्या इतिहासावरून घ्या, निकाल गुप्त ठेवा आणि आडनाव पाहून कोणाला रांगेत उभे करू नका.

आणि लस? २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने मुलांना टायफॉईडची नवी लस सार्वजनिक मोहिमेतून द्यायला सुरुवात केली. असे करणारी ती जगातली पहिली. मग शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला ती लस सरकारी खर्चाने का मिळू नये? लस नव्या लागणीपासून वाचवते. आधीच वाहक असलेल्याला बरे करीत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. त्याच्यासाठी जंतू दाद देत असतील तर चार आठवड्यांच्या गोळ्या आहेत, खडे असतील तर अनेकदा पित्ताशय काढावे लागते.

खरी गाठ इथे आहे. मेरी मॅलनला १९१० मध्ये 'स्वयंपाक करणार नाही' या अटीवर सोडले. ती धुण्याच्या कामाला लागली. त्यात पैसे कमी. अखेर नाव बदलून ती पुन्हा चुलीपाशी गेली आणि १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात पंचवीस जणांना टायफॉईड झाला, दोन दगावले. मग तिला १९३८ मध्ये मरेपर्यंत बेटावर ठेवले. न्यूयॉर्कमध्ये तिच्यासारखे चारशेहून अधिक वाहक नोंदले गेले होते, इतका काळ कोंडली ती ही एकच गरीब परदेशी बाई. तिला परवडेल असे दुसरे काम त्या शहराने दिले असते तर?

शालेय पोषण आहारातील स्वयंपाकिणीला केंद्राने २००९ मध्ये महिन्याला १००० रुपये मानधन ठरवले, तेही वर्षातले दहा महिने. तिला जुलाब लागले, ताप आला, तर ती सांगेल की लपवील? महिनाभर घरी बसून तीन नमुने देणे तिला कशाच्या जोरावर परवडेल? आमची मागणी सरळ आहे. आजारी असल्याचे सांगणाऱ्या अन्न कामगाराची पगारी रजा, तपासणी, लस आणि उपचार यांचा खर्च मालकाने व सरकारने उचलावा. वाहक निघालेल्याला बरे होईपर्यंत त्याच पगारावर चुलीपासून दूरचे काम, झाडलोट नव्हे, हिशेबाचे, कोठीचे, मालाच्या आवकजावकेचे काम द्यावे. हे नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टात लिहून घ्या. साबणाच्या वडीचा फोटो त्यानंतर काढा.