सहा ओळी, पाच हप्ते

म्युच्युअल फंडातल्या मासिक एसआयपीच्या स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट समोर असला की पहिला मोह होतो तो हप्त्यांच्या ओळी मोजून ५,००० ने गुणण्याचा. चूक बहुतेक वेळा इथेच होते.

समजा, जानेवारी ते जून अशा सहा खरेद्या दिसतात. युनिट अनुक्रमे ९९.९९५, १०४.१६१, १०९.८८५, १०६.३७८, १०२.०३६ आणि ९६.१४९. एप्रिलच्या खरेदीखाली मात्र आणखी एक ओळ असते आणि तिच्यात १०६.३७८ हाच आकडा कंसात येतो. कंस म्हणजे वजाबाकी. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला आणि युनिटही मागे घेतली गेली. म्हणजे गुंतवणूक ३०,००० नव्हे, २५,००० रुपये. उरलेली युनिट ५१२.२२६. ३० जूनची एनएव्ही ५३ रुपये धरली तर आजचे मूल्य २७,१४७.९८ आणि नफा २,१४७.९८ रुपये होतो. कंसातली ओळ नजरेतून सुटून गुंतवणूक ३०,००० धरली तर हाच नफा २,८५२ रुपयांचा तोटा दिसतो.

स्क्रीनशॉट वरून कापला गेला आहे का, हे युनिट बॅलन्सच्या रकान्यावरून कळते. जानेवारीच्या ओळीतली शिल्लक ९९.९९५ असेल तर त्याआधी काही नव्हते. तीच शिल्लक ३९९.९९५ असेल तर ३०० युनिट जुनी आहेत आणि ती किती रुपयांना घेतली, हे या चित्रातून काढता येत नाही. त्यांचे मूल्य मात्र आजच्या मूल्यात मिसळलेले असते, म्हणून नफा अवाच्या सवा फुगतो. अशा वेळी अंदाज बांधत बसू नये. पहिल्या व्यवहारापासूनचे स्टेटमेंट मागवावे.

अंधूक आकड्यांसाठीही एक पडताळा आहे. १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्का मुद्रांक शुल्क लागते, त्यामुळे ५,००० च्या हप्त्यातून २५ पैसे कापले जाऊन ४,९९९.७५ रुपयांचीच युनिट मिळतात. प्रत्येक ओळीत युनिट गुणिले एनएव्ही एवढेच यायला हवे. दोन-चार पैशांचा फरक चालतो. मार्चची एनएव्ही ४५.५० आहे. १०९.८८५ ऐवजी १०९.८५५ वाचले गेले, तर गुणाकार ४,९९८.४० येतो आणि चूक लगेच उघडी पडते. गुंतवणूक मोजताना मात्र पूर्ण ५,०००च धरावेत, कारण खिशातून तेवढेच गेले.

२,१४७.९८ ला २५,००० ने भागले की ८.५९ टक्के येतात, पण हा वार्षिक परतावा नव्हे. जानेवारीचा हप्ता जवळपास सहा महिने गुंतलेला होता, जूनचा महिनाभरही नाही. तारखा धरून हिशेब करायचा तर स्प्रेडशीटमध्ये A रकान्यात तारखा, B मध्ये पाचही हप्ते ऋण चिन्हाने आणि शेवटी आजचे मूल्य धन चिन्हाने भरून हे सूत्र द्यावे:

```
=XIRR(B2:B7,A2:A7)
```

वर्षही न भरलेल्या गुंतवणुकीत हा आकडा भलताच मोठा येतो. तोवर रुपयांतला नफाच पाहिलेला बरा. त्यातूनही लगेच विक्री केल्यास लागणारा एक्झिट लोड आणि कर वजा झालेला नसतो.