मिस्ट्री शॉपर जॉब: चेक त्यांचा, नुकसान तुमचं!

परवा जालन्यात मस्तगडला एका मित्राच्या घरी बसलो होतो. तेवढ्यात अमेरिकेत शिकणाऱ्या त्याच्या भावाचा व्हॉट्सॲप कॉल आला. "दादा, मिस्ट्री शॉपरचा जॉब मिळाला. चेक पण आला!"

मिस्ट्री शॉपर म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं आणि तिथली सेवा कशी आहे ते कंपनीला कळवायचं. असं काम खरंच असतं. पण याला आलेला चेक होता 2,400 डॉलरचा. त्यातले 400 पगार म्हणून ठेवायचे, 2,000 ची गिफ्ट कार्डं घ्यायची आणि मागचे नंबर खरवडून फोटो पाठवायचे.

मी म्हटलं, "थांब, कार्डं घेऊ नकोस." तो म्हणाला, "अहो, पैसे अकाउंटला जमा दिसतायत की!"

सगळा खेळ इथेच आहे. अमेरिकेतल्या कायद्यानुसार बँकेला चेकचे पैसे लवकर, बऱ्याचदा एक-दोन दिवसांत, वापरायला द्यावे लागतात. पण चेक खोटा आहे हे कळायला कधीकधी काही आठवडे जातात. म्हणजे 'पैसे दिसले' आणि 'चेक वटला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता हिशोब बघा. समजा खात्यात स्वतःचे 1,500 डॉलर होते. चेक भरल्यावर 3,900 दिसले. कार्डं घेतल्यावर 1,900 उरले. मग चेक परत आला, बँकेनं 2,400 काढून घेतले आणि खातं गेलं उणे 500 वर. ते भरायचे खातेदारानंच. कार्डाचा नंबर मिळाला की समोरचा काही मिनिटांत ते रिकामं करतो, म्हणून त्याला घाई असते.

भारतात ही युक्ती सहसा चालत नाही, कारण आपल्याकडे चेक वटल्यावरच पैसे वापरता येतात. इथे तोच डाव 'टास्क'च्या नावानं येतो: रिव्ह्यू टाका, थोडे पैसे मिळतील, मग मोठ्या टास्कसाठी आधी तुम्ही भरा.

ओळखायचं कसं? खरी कंपनी काम झाल्यावर पैसे देते. काम करण्याआधीच मोठा चेक पाठवून त्यातलाच काही भाग गिफ्ट कार्डानं परत मागणारा मालक खरा नसतो.

भावानं कार्डं घेतली नव्हती. त्याच दिवशी बँकेत जाऊन त्यानं सगळं सांगितलं आणि त्या पैशाला हात लावला नाही. कार्डाचे नंबर पाठवून बसला असाल, तर पावती आणि कार्ड जपून ठेवा, कार्ड देणाऱ्या कंपनीला लगेच फोन करा. अमेरिकेत ReportFraud.ftc.gov वर तक्रार करा. भारतात फसलात तर 1930 लावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.