सारलं म्हणजे वाचलं नव्हे

पडद्यावर आलेली सूचना आपण बोटाने बाजूला सारतो, पण ती वाचतोच असं नाही. म्हणून अ‍ॅपच्या इनबॉक्समध्ये तो निरोप न वाचलेलाच राहायला हवा, असं माझं मत.

खरी मेख 'सगळे वाचले' या बटणात आहे. समजा, नेटवर्क नसताना १० वाजता मी फोनवरचे ५ निरोप पाहून ते दाबलं. १०:०५ ला सर्व्हरवर सहावा आला: उद्या सिलिंडर येणार. १०:१० ला फोनला नेटवर्क मिळालं आणि सर्व्हरने सहाही निरोप वाचलेले ठरवले. आता सहावा टॅबवरही ठळक दिसणार नाही!

फोनने 'सगळे' न म्हणता 'पाचव्यापर्यंत' एवढंच कळवावं. जे डोळ्यांसमोर आलंच नाही, ते वाचलेलं कसं?