एकच ‘ज’, दोन उच्चार

नारायणगावची एक मुलगी परवा वडिलांसोबत आमच्याकडे अर्ज दाखवायला आली. इंजिनिअरिंगची पदवी झालेली, आता पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे एम.ए. करायचे म्हणते. वडील धास्तावलेले.

अर्जाची सुरुवात होती, ‘मला लहानपणापासून भाषेची आवड आहे.’ आम्ही ते वाक्य खोडले. अशी आवड कोणीही सांगेल. वाट कोणत्या प्रश्नामुळे बदलली, ते लिही म्हटले.

मग ती खुलली. शेवटच्या वर्षी तिने मराठी मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम केला होता. तो ‘जग’ या शब्दावर अडला. ‘सारे जग’ म्हणताना आपली जीभ टाळूला लागते, ‘सुखाने जग’ म्हणताना दातांच्या मागे. अक्षर मात्र एकच. पुढे ‘ई’ आली की उच्चार टाळूकडे जातो, ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून पाहा. हा नियम तिने प्रोग्रॅममध्ये घातला. पण ‘जग’मध्ये पुढे ‘अ’च आहे, तिथे तो नियम लंगडा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा टाळूचा ‘ज’ राखतात. म्हणजे शब्द कुठून आला आणि वाक्यात कोणता अर्थ आहे, ते कळायला हवे. आवाजाचा आलेख फरक दाखवतो, कारण सांगत नाही.

‘हेच लिही,’ आम्ही म्हणालो. ‘आणि एका विषयात राहिली होतीस, तेही एका ओळीत. गुणपत्रिकेत दिसणारच आहे.’

वडील इतका वेळ गप्प होते. हळूच म्हणाले, ‘पोरी, मग ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’?’

तिने पेन काढले.