पहिल्या केसपेपरवर खरे कारण लिहून घ्या

अपघातात जखमी झालेल्या माणसाला दवाखान्यात नेताना घरच्यांना दोन गोष्टींची भीती असते. एक खर्चाची आणि दुसरी पोलिसांची. पोलिसांची कटकट नको म्हणून आपली माणसे कॅज्युअल्टीत ‘घरीच घसरून पडला’ असे सांगतात. पुढे विम्याचा क्लेम अडतो तो याच वाक्यामुळे. आमचे मत असे, की वस्तीतल्या प्रत्येक घराने एमएलसी आणि एफआयआर यांतला फरक नीट समजून घ्यावा. तो कळला तर भीतीपोटी खोटे बोलायची वेळ येणार नाही आणि नको तिथे पोलीस ठाण्याच्या फेऱ्याही माराव्या लागणार नाहीत.

एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. ही नोंद डॉक्टर करतात. रस्त्यावरचा अपघात, मारहाण, भाजणे, विषबाधा, विजेचा धक्का, कामावर झालेली गंभीर इजा अशा वेळी डॉक्टर जखमांचे वर्णन रजिस्टरमध्ये लिहितात, त्याला नंबर देतात आणि पोलिसांना कळवतात. खासगी दवाखान्यालाही हे करता येते. एफआयआर ही वेगळी गोष्ट आहे. ती पोलीस ठाण्यात नोंदवली जाते आणि कोणाच्या तरी हातून गुन्हा घडल्याची माहिती असेल तेव्हाच. म्हणजे एमएलसी झाली की लगेच कोणावर गुन्हा दाखल झाला, असे नसते. आपली गाडी खड्ड्यात घसरली, दुसऱ्या कोणाचा दोष नाही, तर एमएलसी होईल, पण एफआयआर होईलच असे नाही. तेव्हा पोलीस ठाण्यातल्या स्टेशन डायरीतल्या नोंदीची प्रत मागावी.

‘आधी पोलीस, मग उपचार’ असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे, की जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले काम आहे आणि पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबवता येत नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, वस्तीतला एक तरुण मित्राची मोटारसायकल घेऊन कामावरून परत येत आहे. मागून टेम्पोची धडक बसते आणि पायाचे हाड मोडते. टेम्पोवाला पाच हजार रुपये हातावर ठेवतो आणि ‘केस नको’ म्हणतो. तरुणाकडे लायसन्स नाही, म्हणून घरचेही घाबरतात. नाक्यावरचा डॉक्टर ड्रेसिंग करून चिठ्ठीवर ‘मोटारसायकल अपघात’ असे लिहितो. मोठ्या दवाखान्यात मात्र घरचे ‘जिन्यावरून पडला’ म्हणून सांगतात. एमएलसी होत नाही. ऑपरेशन होते, बिल एक लाख चाळीस हजारांवर जाते.

यानंतर क्लेम फॉर्म भरायची वेळ येते. या फॉर्मचे दोन भाग असतात, एक आपण भरायचा आणि एक दवाखान्याने. दोन्हीत विचारलेले असते: इजा कशामुळे झाली, रस्ता अपघात आहे का, मेडिको-लीगल केस आहे का, पोलिसांना कळवले का. दवाखान्याच्या भागात आणखी एक प्रश्न असतो: पोलिसांना कळवले नसेल तर का नाही? कंपनीचा तपासनीस नाक्यावरच्या डॉक्टरची चिठ्ठी पाहतो आणि दोन कागदांवर दोन कारणे दिसतात. खोटी माहिती दिली म्हणून क्लेम नाकारला जातो. टेम्पोच्या विम्याकडून मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागायची, तर टेम्पो तिथे होता हे दाखवणारा कागदच नाही. बुडालेली मजुरी, पुढचा खर्च, पायात राहिलेला दोष हे सगळे त्या पाच हजारांत गेले.

खरे सांगितले असते तर काय झाले असते? केसपेपरवर ‘टेम्पोची धडक’ आणि एमएलसी नंबर आला असता. पोलिसांनी जबाब घेऊन बेदरकार वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदवला असता. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तिच्या आधारे न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करता आला असता. लायसन्स नसल्याबद्दल दंड झाला असता, हे खरे. पण हॉस्पिटलच्या खर्चाच्या पॉलिसीत कायदाभंगाची जी ठरावीक अट असते, ती गुन्हेगारी हेतूने केलेल्या कृत्याबद्दल आहे. नुसते लायसन्स नाही म्हणजे त्या अटीत बसले, असे होत नाही. केवळ अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी काढलेल्या पॉलिसीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या वाचून घ्याव्यात.

चुकीचे कारण लिहिले गेलेच, तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरला लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा. जुनी ओळ वाचता येईल अशी खोडून, शेजारी खरे कारण, तारीख आणि सही असावी. एमएलसीही उशिरा करता येते. मात्र घरी गेल्यावर, क्लेम अडल्यानंतर बदललेला कागद बनावट वाटतो. डिस्चार्ज कार्डावर अपघाताचे कारण आणि एमएलसी नंबर आहे का, हे बिल भरण्याआधीच पाहून घ्या. ‘चक्कर येऊन पडला’ आणि ‘पाय घसरून पडला’ यांतही फरक आहे. नव्या पॉलिसीत आजारासाठी पहिल्या तीस दिवसांची अट असते, अपघाताला ती नसते. चक्कर आली नसेल तर तो शब्द कागदावर येऊ देऊ नका.

आता दुसरी बाजू. मोरीत पाय घसरून आजीचे मनगट मोडले, तरी काही ठिकाणी एफआयआर मागितली जाते. हे आम्हाला मान्य नाही. ज्यात गुन्हाच नाही त्याची एफआयआर पोलीस नोंदवणार कशी? बँक खात्यातून दरवर्षी वीस रुपये कापून घेणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचाच नियम पाहा. वाहनाचा अपघात, बुडणे, गुन्ह्याशी संबंधित मृत्यू असेल तर पोलिसांत नोंद हवी. साप चावणे, झाडावरून पडणे अशा घटनांत मात्र दवाखान्याची त्याच वेळची नोंद चालते. हा भेद शहाणपणाचा आहे आणि हॉस्पिटलच्या खर्चाच्या क्लेमलाही तोच लावला पाहिजे.

अशा वेळी दोन कागद द्या. कुठे, कधी, कसे पडले हे सांगणारे स्वतःच्या सहीचे निवेदन, आणि ‘इजा घरात पडल्याने झाली, एमएलसीची गरज वाटली नाही’ असे डॉक्टरचे पत्र. तरीही कंपनी अडून बसली, तर पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार एफआयआर हवी आहे, हे लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. लागतात ते दवाखान्याचे कागद, म्हणून पहिल्या चिठ्ठीपासून प्रत्येकाची झेरॉक्स घरी ठेवा.