बांधावरच्या गोष्टी : पाठराखणीची खुर्ची



आज फवारणीचे सांगत नाही. एक माफी मागायची राहिली आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये माझी धाकटी बहीण हॉलंडमधील वाखेनिंगन येथील कृषी विद्यापीठात पीएच.डी. होणार होती. तिकडे भर सभागृहात परीक्षकांच्या प्रश्नांना उभ्याने उत्तरे द्यावी लागतात. ठरलेली वेळ भरली की विद्यापीठाचा मानकरी दंड घेऊन आत येतो आणि 'होरा एस्ट', म्हणजे 'वेळ झाली', असे पुकारतो. तोवर उमेदवाराच्या जवळ दोन माणसे बसतात. त्यांना पॅरानिम्फ म्हणतात. आपल्याकडे नवरीसोबत पाठराखीण जाते ना, तशातलाच हा मान. घरचे माणूसही चालते. त्या दोन खुर्च्यांपैकी एक तिने माझ्यासाठी धरली होती.

त्या वर्षी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली, हे तुम्ही विसरला नसाल. नोव्हेंबरात हिंगणघाटकडच्या एका वावरात मी वीस हिरवी बोंडे तोडून फोडली. नऊ बोंडांत अळी निघाली. वीसात दोन निघाल्या तरी नुकसानीची पातळी ओलांडली, असे आम्ही धरतो. अळी कोवळ्या बोंडात शिरली की छिद्र बुजते, म्हणून बोंड वरून धडधाकट दिसते आणि फोडल्याशिवाय काही कळत नाही.

डिसेंबरात पंचनाम्यांचा आदेश आला. तलाठी, ग्रामसेवक आणि आमची माणसे वावरोवावरी फिरू लागली. तेहतीस टक्के नुकसान कागदावर आले नाही, तर शेतकऱ्याला मदत मिळणार नव्हती. माझी रजा रद्द झाली. कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना मी बहिणीला फोन केला. ती एवढेच म्हणाली, "बरं दादा, काम कर." माझ्या जागी तिच्या प्रयोगशाळेतली एक मैत्रीण बसली.

बाई, काम होते हे खरे. पंचनामे सोडून आलो असतो, तर ते मलाच पटले नसते. पण माझी चूक वेगळी आहे. ती नऊ बोंडे फोडली त्याच दिवशी मला कळले होते की यंदा आपली सुटका नाही. तरी 'बघू, जमेल' म्हणत मी गप्प राहिलो. तेव्हाच सांगितले असते, तर आपल्या धाकट्याला तिकडे धाडता आले असते आणि तुझ्याजवळ माहेरचे एक माणूस बसले असते. डोमकळी दिसताच कळवा, असे मी गावोगाव सांगत फिरतो. स्वतःच्या बहिणीला मात्र वेळेवर कळवले नाही. नंतर जेव्हा जेव्हा बोललो, तेव्हा बोंडअळीलाच पुढे केले.

त्याची माफी मागतो. तुझा प्रबंध माझ्या टेबलावर आहे. पुढच्या भाऊबीजेला येशील तेव्हा माझ्यासमोर उभी राहा आणि तो मला समजावून सांग. मी बसून ऐकीन, आणि 'वेळ झाली' असे कोणी पुकारणार नाही.

तुझा दादा